वेलीला कोपर नसतं

टिकलीच्या घरात आणि तिच्या बाबांच्या फरशीच्या कारखान्यात एका भिंतीचं अंतर होतं, आणि त्या भिंतीलाही दार होतं. त्यामुळे घरात जेवताना कारखान्याचं बारीक सिमेंट पानात यायचं आणि कारखान्यात काम चालू असताना घरातली भांडणं सगळ्यांना ऐकू जायची. कुणालाच त्याचं काही वाटत नसे. टिकलीला तर कारखाना घराहून जास्त आवडायचा. जन्मली तेव्हा ती इतकी एवढीशी होती, की आजीने तिला पाहून टिकली म्हटलं, आणि आता अकरावं सरत आलं, उंची आईच्या खांद्याला लागली, तरी ते नाव काही तिला सोडायला तयार नव्हतं.

कारखान्यात तिला सगळ्यात जास्त आवडायचा तो साचा. फरशी तिथे पालथी जन्माला येते. खाली गुळगुळीत लोखंडी पाटा, त्यावर पितळी पट्ट्या वाकवून केलेला साचा, आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या खणांत रंगीत सिमेंटचा पातळ घोळ. मग साचा मूठ धरून अलगद उचलायचा, वर कोरडं मिश्रण पसरायचं आणि यंत्राखाली दाबायचं. फरशी उलटी केली की खाली असलेली बाजू वर येते, आणि साच्यात जे डावीकडे होतं ते फरशीवर उजवीकडे दिसतं. म्हणून बाबा प्रत्येक नक्षी आधी आरशात बघायचे आणि मगच पट्ट्या वाकवायचे. कारखान्यात खिळ्याला एक आरसा कायमचा टांगलेला होता. नव्या माणसांना वाटायचं, मालकांना नटण्याची हौस आहे.

अशा घरात वाढलेल्या मुलीला जगातल्या प्रत्येक गोष्टीला आरशातली जोडी असते असं वाटलं, तर त्यात तिचा दोष नव्हता. त्यात शाळेतही त्या वर्षी सममिती आली. बाईंनी कागद मधोमध दुमडायला लावला, दोन्ही बाजू एकमेकींवर बसल्या तर ती घडी म्हणजे सममितीची रेषा, असं सांगितलं. बाकीच्या मुलांनी पतंग आणि फुलपाखरं दुमडली. टिकली घरी आली आणि आजीच्या रांगोळ्यांच्या मागे लागली.

आजी म्हणजे बाबांची आई. ती रोज सकाळी कारखान्याच्या फाटकासमोर ठिपक्यांची रांगोळी काढायची आणि दिवसभर माणसं, हातगाड्या आणि मालाचा टेंपो ती तुडवून टाकायचे. आजीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पुसली नाही तर उद्या कुठे काढू, असं ती म्हणायची. टिकली आईचा छोटा आरसा घेऊन तिथे उकिडवी बसे आणि रांगोळीवर तो उभा धरून बघे. कासवाला एकच आरसा चाले, डोक्यापासून शेपटीपर्यंत. चार पाकळ्यांच्या कमळाला मात्र चार: एक उभा, एक आडवा, आणि दोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे. कमळाच्या एका पाकळीचा अर्धा भाग तेवढा ठाऊक असला, की बाकीचं सगळं आरसे काढून देतात, हे तिला कळलं तेव्हा तिने आजीला दिवसभर भंडावून सोडलं. आठवा हिस्सा काढ, बाकीचं मी सांगते, असं ती म्हणत होती. आजीने बोटाची रांगोळी तिच्या नाकाला लावली आणि तिला चहा आणायला पिटाळलं.

मग एक दिवस दोन गोष्टी एकदमच घडल्या. शहराच्या नव्या वाचनालयाचा नकाशा करणाऱ्या बाई फरश्या निवडायला सकाळीच आल्या. फाटकासमोर त्यांनी जी रांगोळी पाहिली ती पाहतच राहिल्या. आठ ठिपके आडवे, आठ उभे, मध्ये एक वेल नागमोडी जात पूर्ण फेरी मारणारी, आणि चार कोपऱ्यांत गळाच्या आकड्यासारखी वाकलेली चार पानं. आजी तिला पाणचक्की म्हणायची. ती तिच्या आईची होती, आणि आजी ती फार क्वचित काढायची. बाई आत गेल्या आणि बाबांना म्हणाल्या, वाचनालयाच्या मोठ्या दालनात मला हीच हवी. बाबांनी दोनदा विचारून खात्री केली. तोवर बाहेर टेंपो मागे मागे येत थेट रांगोळीवर येऊन थांबला, आणि माल चढवणाऱ्यांच्या पायांनी उरलंसुरलं पुसून टाकलं. बाई फोटो काढायला बाहेर आल्या, तेव्हा एक कोपरा जसाच्या तसा, शेजारच्या कोपऱ्यातलं वेलीचं शेपूट, आणि बाकी सगळीकडे चाकांची नक्षी, एवढंच शिल्लक होतं.

पुन्हा काढून देते, त्यात काय एवढं, असं आजी म्हणणार होती. पण ती अजून फाटकाच्या खांबाशी बसलेली होती, आणि तिला उठताच येईना. गुडघ्यांनी हात टेकले. बाबांनी आणि टेंपोवाल्याने तिला दोन्ही बगलांना धरून उभं केलं, तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. डॉक्टरांनी गुडघ्यांचा एक्स-रे बघून मान हलवली आणि सांगितलं, यापुढे जमिनीवर बसायचं नाही. खुर्ची, पलंग, काठी. बस्स.

त्या दिवसापासून फाटकासमोरची जागा कोरी राहिली. आजी खिडकीत बसायची आणि फारसं बोलायची नाही. एरवी तिचं बोलणं ऐकून कान किटायचे, आता ते ऐकायला घर आसुसलं. एकच विषय काढला की ती जरा खुलायची, तो म्हणजे वाचनालयाची जमीन. माझ्या आईची रांगोळी पुसली जाणार नाही, असं काहीतरी ती एकदा म्हणाली, आणि पुसली जाण्याबद्दल जिला कधी काही वाटलं नव्हतं तिच्या तोंडून टिकलीने हे पहिल्यांदाच ऐकलं. ही रांगोळी चुकता कामा नये, असं तिने मनाशी ठरवलं.

फोटो एका कोपऱ्याचा. म्हणजे चार बाय चार, सोळा ठिपके. टिकलीला यात अडचण दिसलीच नाही. तिने फोटो मोठा छापून घेतला, कोपरा कापला, आईचा आरसा आणि खिळ्यावरचा आरसा एकमेकांना काटकोनात उभे केले आणि मध्ये तो कोपरा ठेवला. आरशांत लगेच चारही कोपरे उमटले. वेल एका आरशातून दुसऱ्यात गेली आणि पानं समोरासमोर आली. बाबा वाकून बघत राहिले. त्यांनी टिकलीच्या पाठीवर अशी थाप मारली, की ती जवळजवळ आरशात पडली.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. शेजारच्या कोपऱ्यात उरलेलं ते वेलीचं शेपूट आरशातल्या वेलीशी जुळत नव्हतं, भलत्याच बाजूला वळलं होतं. टिकलीने ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने ठरवलं, की त्या दिवशी आजीचे गुडघे दुखत होते, म्हणून हात चुकला असेल. कागदावर पक्कं चित्र काढताना तिने ते शेपूट आरशाप्रमाणे दुरुस्त केलं. आजीला चित्र दाखवलं तर तिने चष्मा वरखाली केला आणि म्हणाली, मला कागदावर काही उमजत नाही बाई, जमिनीवर आल्यावर बघू.

बाबांनी एवढं मात्र विचारलं, की कमळाच्या फरशीला मी एकच साचा केला होता, तो चारी बाजूंना फिरवून लावला की फूल पूर्ण होत होतं. मग याला दोन साचे का? टिकलीकडे उत्तर तयार होतं. कमळाचा कोपरा तिरपा दुमडला तर स्वतःवरच बसतो, म्हणून त्याचा डावा आणि उजवा एकच. हा कोपरा तिरपा दुमडला तर बसत नाही, पान एकाच बाजूला वळतं. म्हणून याचा डावा वेगळा आणि उजवा वेगळा. साच्याला वर मूठ असते, त्यामुळे तो पालथा करून वापरणंही शक्य नव्हतं. बाबांनी पट्ट्या वाकवायला घेतल्या आणि दोन साचे केले. एकातून फोटोतल्यासारखा कोपरा निघे, दुसऱ्यातून त्याची आरशातली बहीण. दोन्हीच्या सारख्याच संख्येने फरश्या दाबून पाण्याच्या हौदात सोडल्या.

फरश्या हौदातून निघाल्या त्या दिवशी बाबांनी अंगणात चार फरश्या जोडल्या, फडक्याने पुसल्या आणि आजीला हाताला धरून आणलं. टिकली एका पायावर उभी होती, हे तिला नंतर कळलं. आजीने काठीवर दोन्ही हात ठेवून खाली पाहिलं. मग फरशीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली, आणि पुन्हा पाहिलं.

“छान झाल्यात,” ती म्हणाली आणि आत गेली.

बाबा खूश झाले. त्यांना छान एवढा शब्द पुरतो. टिकलीला मात्र आजीची पाठ दिसली होती. ती तिच्या मागोमाग आत गेली आणि पलंगाच्या कडेला बसून तिने थेट विचारलं, की खरं सांग.

आजीने आधी उडवून लावलं. मग ती म्हणाली, “चांगली आहे गं. पण माझी नाही. माझी चालते, ही उभी राहिलीय.”

“पण चुकलंय कुठे?”

“ते मला सांगता येतं का? हाताला माहितीये, तोंडाला नाही.” आजीने चादरीची सुरकुती काढली. “बाबाला नको सांगूस. पोराने एवढं केलंय.”

टिकलीचे डोळे भरून आले, आणि रडू आलं याचा तिला रागही आला. चूक बाबांची नव्हती, आजीची नव्हती. चित्र तिचं होतं. पुढच्या आठवड्यात वाचनालयाची गाडी येणार, फरश्या जाणार, आणि आजीच्या आईची रांगोळी म्हणून भलतीच कुणाची तरी तिथे कायमची बसणार. आजी एक अक्षर बोलणार नव्हती आणि खिडकीत बसून राहणार होती.

ती पुन्हा अंगणात गेली आणि फरश्यांसमोर पोटावर पडली. बाबांचा एक जुना कारागीर जाता जाता म्हणाला, वेलीला कोपरं फुटली की. तो सहज बोलून गेला, पण टिकलीने वेलीवरून बोट फिरवलं आणि त्याचं म्हणणं तिला पटलं. फरशीच्या आत वेल छान नागमोडी जात होती. जिथे दोन फरश्या मिळत होत्या, तिथे मात्र ती तिरकी येऊन सांध्याला आपटत होती आणि चेंडूसारखी परत फिरत होती. चारही सांध्यांवर एकेक टोकदार कोपर. तिरकी रेषा आरशाला भिडली की असंच होणार, आरसा तिला पलीकडे जाऊच देत नाही. आणि आजीच्या वेलीला कोपर कधीच नसायचं, एवढं टिकलीला डोळे मिटूनही आठवत होतं.

त्या दुपारी तिने स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, त्यावर मोठा काळा पुठ्ठा ठेवला, आठ बाय आठ ठिपके खडूने नीट मोजून दिले, रांगोळीची वाटी ठेवली आणि आजीला खुर्चीत आणून बसवलं. आजी आढेवेढे घेत होती. टेबलावर कसली रांगोळी, जेवायची जागा ती, असं तिचं चाललं होतं. टेबल भिंतींच्या कोपऱ्यात लावलेलं होतं, एक बाजू खिडकीच्या भिंतीला आणि दुसरी फडताळाच्या. टिकलीची आई पोळ्या लाटता लाटता तिरक्या डोळ्याने बघत होती.

आजीने चिमूट उचलली. पुठ्ठ्याचा एक कोपरा तिच्या पोटाशी होता आणि मध्य समोर. हात सुटला तसा सगळा आजारी चेहरा बदलला. वेल डाव्या हाताकडून आत आली, मध्यापासून दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिपक्यांच्या मधून. वर चढली, एका ठिपक्याला वळसा घातला, खाली उतरली आणि उजव्या हाताकडे बाहेर पडली, तीही दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधूनच. मग आकड्याचं पान, उजवीकडे वळलेलं. सगळं मिळून टिकलीला श्वास सोडायलाही वेळ मिळाला नाही. तो कोपरा फोटोतल्या कोपऱ्यासारखा हुबेहूब होता.

आणि आजी थांबली. तिने चिमूट हातात धरून पुढचा कोपरा पाहिला. हात पुढे नेला, मागे घेतला. एक रेघ सोडली ती वाकडी गेली, ती तिने तळव्याने पुसून टाकली. पुन्हा सोडली, पुन्हा पुसली. मग तिने काठी घेतली, खुर्चीच्या हाताला धरून कष्टाने उठली, उजवीकडे दोन पावलं टाकली आणि फडताळाच्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली.

“काय हवंय, आई?” टिकलीच्या आईने विचारलं.

“काही नको,” आजी गोंधळून म्हणाली. “आता मी इथे बसते ना.”

टिकलीने भिंतीकडे पाहिलं, मग आजीकडे. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेली गोष्ट तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिली. कमळ असो नाहीतर कासव, आजी एका जागी बसून काढायची. पाणचक्की मात्र ती कधी एका जागी बसून काढत नव्हती. ती एका कोपऱ्याशी बसायची, तो भरायची, उठायची, उजवीकडच्या कोपऱ्याशी जाऊन पुन्हा मध्याकडे तोंड करून बसायची, आणि हाताने अगदी तेच करायची जे आधी केलं होतं. चार कोपरे, चार बैठका, हात एकच. पान प्रत्येक वेळी तिच्या उजवीकडेच वळणार, कारण प्रत्येक वेळी काढणारी तीच उजव्या हाताची आजी, फक्त पाव फेरी पुढे सरकलेली. समोर बसून उलटी काढणारी आरशातली आजी तिथे कधीच नव्हती.

“आजी, तू बस,” टिकली म्हणाली. “तू उठू नकोस. हा उठेल.”

तिने आजीला खुर्चीत बसवलं आणि पुठ्ठा जपून फिरवला, उजवीकडचा कोपरा आजीच्या पोटाशी येईल इतका, पाव फेरी. आजीने क्षणभर पाहिलं. काढलेला कोपरा आता डावीकडे गेला होता, आणि त्याची वेल सांध्यापर्यंत येऊन तिची वाट बघत होती. आजीचा हात न विचारता निघाला. डावीकडून वेल उचलली, वर चढली, वळसा, खाली, उजवीकडे बाहेर. पान उजवीकडे. टिकलीने फिरवलं. पुन्हा तेच. चौथ्या कोपऱ्यात वेल बाहेर पडली ती थेट पहिल्या कोपऱ्यातल्या सुरुवातीला जाऊन मिळाली, आणि सांधा कुठे होता ते शोधूनही सापडेना.

मिळणारच होती. वेल एका बाजूला जिथून आत येते, दुसऱ्या बाजूला तिथूनच बाहेर पडते, दोन्हीकडे मध्यापासून तेवढ्याच अंतरावर. नाहीतर फेरी कधी जुळलीच नसती. टिकलीने आईचा आरसा आणून त्यावर उभा, आडवा आणि तिरपा धरून पाहिला, कुठेच बसेना. पाणचक्कीला एकही आरसा चालत नव्हता. पण पुठ्ठा पाव फेरी फिरवला की ती पुन्हा तशीच दिसायची, जणू हलवलीच नाही. दुमडता न येणारी गोष्टही सममित असू शकते, फिरवून, हे टिकलीला कुणी सांगितलं नव्हतं. कमळ दुमडतंही आणि फिरतंही, म्हणून त्याच्यावरून फरक कधी कळलाच नसता.

आजी मात्र पुठ्ठ्याकडे बघत बसली होती. तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, रांगोळी डोळ्यात गेली. टिकलीच्या आईने पोळी करपू दिली आणि तिला कुणी काही बोललं नाही.

आता बाबांना सांगायचं होतं. टिकली कारखान्यात गेली. ती थेट फरश्यांच्या थप्पीशी गेली आणि फोटोतल्या कोपऱ्याच्या चार फरश्या निवडून तिने त्या जमिनीवर मांडल्या. पहिली सरळ, दुसरी पाव फेरी फिरवून, तिसरी अर्धी, चौथी पाऊण. वेलीने कोपरं टाकून दिली आणि गोल निघाली. मग तिने शेपूट दुरुस्त केल्याची गोष्ट सांगितली, आणि सांगताना बाबांकडे बघितलं नाही.

बाबा सिमेंटच्या गोणीवर बसले. दुसऱ्या साच्याच्या फरश्यांची थप्पी त्यांच्या कंबरेपर्यंत होती, ती त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिली. टिकलीला वाटलं आता ओरडतील. त्यांनी डोकं खाजवलं, त्यातून सिमेंट पडलं, आणि ते म्हणाले, “म्हणजे माझा पहिला साचा बरोबर आहे.”

“हो.”

“तोच एक पुरतो.”

“फिरवला की पुरतो.”

“आणि मी दुसऱ्यासाठी पट्ट्या वाकवून बोटं सोलून घेतली.” मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी कारागिरांना हाक मारली आणि पहिल्या साच्याच्या आणखी फरश्या दाबायला सांगितल्या, लगेच. वाचनालयाची गाडी दोन दिवस थांबली. नकाशा करणाऱ्या बाईंना खरं कारण कळलं तेव्हा त्या स्वतः कारखान्यात येऊन पुठ्ठा फिरवून बघून गेल्या. वाचनालय उघडलं त्या दिवशी आजी काठी टेकत त्या दालनात आली, जमिनीकडे पाहून एकदा मान डोलावली आणि पाणचक्कीवर पाय न देता कडेकडेने चालायला लागली. बाबांनी सांगितलं, फरशी आहे, चाल खुशाल. आजी म्हणाली, सवय आहे रे.

इकडे ती चुकलेली थप्पी कारखान्याच्या कोपऱ्यात तशीच उभी होती. टिकली तिच्यासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवायची. एका सकाळी आजी काठी टेकत तिथे आली आणि तिला म्हणाली, यातल्या चार मांडून दाखव. टिकलीचं तोंड उतरलं. तिने आडवंतिडवं बोलून पाहिलं, आजी हटेना. मग तिने चार फरश्या काढल्या आणि फिरवून फिरवून जोडल्या.

त्याही जुळल्या. वेल सलग निघाली, एकही कोपर नाही. फक्त पानं सगळी डावीकडे वळलेली. आजीची पाणचक्की एका बाजूने फिरत होती, तर ही बरोब्बर दुसऱ्या बाजूने.

“ही कुणाची मग?” टिकलीने विचारलं. “तुझी तर नाही.”

आजीने वाटीतून चिमूट घेतली आणि टिकलीपुढे धरली. टिकलीने ती घ्यायला हात पुढे केला. डावा हात. तो ती जेवायला, लिहायला, भांडायला नेहमी पुढे करायची, आणि त्यावरून घरात कुणी कधी काही बोललं नव्हतं.

“याच हाताने काढ,” आजी म्हणाली. “कोपऱ्याशी बस, मध्याकडे बघ. मी करते तेच कर, तुझ्या हाताने. पान कुठे वळतं बघ.”

टिकली जमिनीवर बसली. आजी खुर्चीत. टिकलीची वेल आली उजवीकडून आणि गेली डावीकडे, पान वळलं डावीकडे, आणि ती उठून पुढच्या कोपऱ्याशी जाऊन बसली. चौथ्या कोपऱ्यात वेल सुरुवातीला येऊन मिळाली तेव्हा तिने मान वर केली. शेजारी फरश्यांवर हुबेहूब तीच रांगोळी होती.

“तुझी आहे,” आजी म्हणाली. “मला वाटलंच होतं, ही कुणाचीतरी असणार.”

बाबांनी त्या फरश्या फाटकासमोर बसवल्या, जिथे टेंपो मागे येतो तिथेच. टेंपोवाला आता त्या फरश्यांच्या आधी थांबतो आणि शिव्या देत माल हातांनी आणतो. मधोमध बाबांनी एक कोरी चौकोनी जागा सोडली आहे. सकाळी टिकली तिथे खुर्ची आणते, बाबांच्या टेबलाची पाठ मोडलेली फिरती खुर्ची तिच्या समोर ठेवते आणि तिच्या बैठकीवर काळा पुठ्ठा बसवते. आजी एक कोपरा भरते, पायाने खुर्चीला हलकेच ढकलते, पुठ्ठा पाव फेरी फिरतो आणि तिचा हात पुढे चालू लागतो. रांगोळी पूर्ण झाली की टिकली पुठ्ठा उचलून कोऱ्या जागेत ठेवते. दुपारपर्यंत माणसांच्या पायांनी ती पुसली जाते, आणि आजी खिडकीतून कान किटेपर्यंत सगळ्यांना सूचना देत असते.